धान्य सफाई-ग्रेडिंग मशीनसाठी कोटेशन मागणीपत्र: शेतकरी कंपन्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली, परभणी या पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची पहिली मोठी खरेदी बहुतेक वेळा क्लिनर-ग्रेडरची असते. संचालक मंडळाच्या बैठकीत तीन कोटेशन टेबलावर येतात आणि तिन्ही तीन तऱ्हेची असतात. एकात एलिव्हेटर धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो, तिसऱ्यात नुसता मॉडेल नंबर आणि आकडा. मग ज्याचा आकडा लहान त्याला ऑर्डर जाते आणि खरा खर्च गाडी गोडाऊनला लागल्यावर कळतो. विक्रेत्यांना काय विचारायचे आणि त्यांनी कोणत्या साच्यात उत्तर द्यायचे, हे आपणच आधी ठरवले तर हे टळते. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण म्हणून औसा तालुक्यातली एक कंपनी समजू. तिला सोयाबीन, तूर आणि हरभरा साफ करायचा आहे.

कोटेशन मागणीपत्र आणि टेंडर यात फरक काय?

आपल्याला काय हवे ते पक्के माहीत आहे, ते बाजारात तयार मिळते आणि आता फक्त कोण कोणत्या दराने, कोणत्या अटींवर देतो एवढेच पाहायचे आहे, अशा वेळी कोटेशन मागणीपत्र पाठवतात. ठरावीक विक्रेत्यांना पत्र जाते आणि त्यांचे लेखी उत्तर येते. टेंडरला जाहिरात, अनामत, लिफाफे असा मोठा पसारा लागतो. मागणीपत्र ही ऑर्डर नव्हे, हे वाक्य पत्रात स्पष्ट लिहा. सर्वात कमी दर आला तरी तो घेण्याचे बंधन आपल्यावर नाही, हेही लिहा.

फोनवर पाच मिनिटांत रेट मिळतो. मग हा खटाटोप कशाला?

फोनवर मिळतो तो विक्रेत्याच्या मनातल्या मशीनचा रेट. तुम्ही "दोन टनी ग्रेडर" म्हणता तेव्हा एक जण गव्हावर दोन टन धरतो, दुसरा सोयाबीनवर. एकाच्या मनात दोन चाळण्यांचे मशीन असते, दुसऱ्याच्या मनात तीन. आकडे कितीही नीट मांडले, तरी वस्तूच वेगळ्या असतील तर तुलना होत नाही. बाजाराचा अंदाज घ्यायला फोन जरूर करा, पण त्यावर ठराव करू नका.

आमची गरज नेमकी कशी लिहायची? "ताशी 2 टन" हा आकडा कुठून आणायचा?

कॅटलॉगमधून नको, आपल्या गोडाऊनच्या दारातून काढा. हंगामाच्या ऐन भरात सभासदांचा किती माल एका दिवशी येतो ते पाहा. आपल्या उदाहरणातल्या कंपनीकडे दिवसाला 12 टन येतात. कामाचे तास आठ धरले, तरी चाळण्या बदलणे, छिद्रांत अडकलेले दाणे काढणे, कट्टे लावणे आणि वीज जाणे यात दोन तास सहज जातात. उरले सहा. 12 टन भागिले 6 तास, म्हणजे ताशी 2 टन.

हा आकडा पत्रात एकटा टाकला तर तो निरुपयोगी आहे. त्याच्यासोबत पीक, ओलावा आणि कचऱ्याचे प्रमाण लिहावेच लागते. गव्हावर दोन टन देणारे मशीन काडीकचऱ्याच्या सोयाबीनवर तेवढे देईलच असे नाही, आणि माल ओला असेल तर चाळणी चोंदते. म्हणून वाक्य असे लिहा: "12 टक्के ओलाव्याच्या, 5 टक्के काडीकचरा असलेल्या सोयाबीनवर ताशी किमान 2 टन." ओलाव्याची 12 टक्के ही मर्यादा आपल्याकडच्या लोकांना हमीभाव खरेदीमुळे पाठ आहे. विक्रेत्यालाही ती समजते.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सुटता कामा नये. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला की सोयाबीनसोबत काळ्या मातीचे छोटे ढेकळे येतात. त्यातले जे दाण्याएवढे असतात ते चाळणीने वेगळे होत नाहीत, कारण चाळणी फक्त आकार पाहते. वाऱ्यानेही ते पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी वजनावर वेगळे करणारे यंत्र लागते, म्हणजे डिस्टोनर किंवा ग्रॅव्हिटी सेपरेटर. "माती-खडे निघाले पाहिजेत" एवढेच पत्रात लिहिले तर प्रत्येक विक्रेता "हो, निघतात" असे उत्तर देईल आणि त्याच्या परीने ते खरेही असेल. दाण्याच्या आकाराचे ढेकळे काढायचे आहेत का, हे आधी मंडळात ठरवा. काढायचे असतील तर डिस्टोनरची स्वतंत्र ओळ टाका. आपल्या उदाहरणात कंपनीने तो या वर्षी घ्यायचा नाही असे ठरवले आणि पत्रात तसे लिहिले.

तपशिलात आणखी काय हवे? ब्रँडचे नाव लिहिले तर चालेल का?

ब्रँड लिहिला की त्या ब्रँडचा डीलर निश्चिंत होतो आणि बाकीचे उत्तर देण्याचा त्रास घेत नाहीत. नाव द्यावेच लागले तर "किंवा समतुल्य" लिहा, आणि समतुल्य कशात ते मोजता येईल असे सांगा. "हेवी ड्यूटी", "उत्तम दर्जा", "मजबूत बांधणी" हे शब्द पत्रातून काढून टाका. ते मोजता येत नाहीत, त्यामुळे त्यावरून कुणाला नकार देता येत नाही. त्याऐवजी पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, मोटरची एचपी आणि फेज, चाळण्यांचे थर, तसेच पीकवार चाळण्यांचे संच मागा. सोयाबीनसाठी वरची चाळणी गोल छिद्राची आणि खालची लांबट छिद्राची लागते. तूर आणि हरभऱ्याचे संच वेगळे असतात. छिद्राचे माप विक्रेत्याने स्वतः लिहावे, म्हणजे त्याला पीक कळते की नाही तेही कळते.

कंपनी बियाणे करत असेल तर एलिव्हेटरकडे जास्त लक्ष द्या. सोयाबीनचे टरफल पातळ असते. बादल्यांचा पट्टा जोरात फिरला किंवा दाणा उंचावरून पत्र्यावर पडला की तो फुटतो, आणि जो फुटलेला दिसत नाही त्याचीही उगवण घटते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते, आणि ती मुळातच काठावर असते. म्हणून "मशीनमधून गेल्यावर वाढलेली फूट 1 टक्क्यापेक्षा जास्त नसावी" अशी अट घाला. ती चाचणीत तपासता येते.

उत्तराचा ठरलेला नमुना म्हणजे नक्की काय पाठवायचे?

एक पान. त्यात ओळी आपण छापायच्या आणि विक्रेत्याने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. दराच्या ओळी अशा ठेवता येतात:

| क्र. | बाब | रक्कम, जीएसटी सोडून (रु.) | जीएसटी दर |
|---|---|---|---|
| 1 | मूळ मशीन, मोटरसह | | |
| 2 | एलिव्हेटर, एक नग | | |
| 3 | तूर आणि हरभरा चाळणी संच | | |
| 4 | स्टार्टर पॅनेल आणि वायरिंग | | |
| 5 | गोडाऊनपर्यंत गाडीभाडे, विमा, उतराई | | |
| 6 | जोडणी, चाचणी, ऑपरेटरचे शिक्षण | | |
| | एकूण | | |

दरांच्या खाली अटींच्या ओळी येतात. सोयाबीनवरची क्षमता, माल पोहोचवण्याची तारीख, वॉरंटीचे महिने, बिघाड झाल्यास मेकॅनिक किती तासांत येईल आणि कुठून येईल, दर किती दिवस कायम राहील. इथेही वाक्यांना जागा ठेवू नका. "लवकरात लवकर" लिहायला जागाच नसली की माणूस तारीख लिहितो.

गाडीभाड्याची ओळ कधीही गाळू नका. मशीन राजकोट किंवा कोइंबतूरहून येणार असेल तर भाडे मोठे असते. शिवाय गाडी गोडाऊनपाशी आल्यावर क्रेन कुणी लावायची यावरून हमखास वाद होतो, म्हणून उतराई त्याच ओळीत धरा.

विक्रेता आमचा नमुना न भरता स्वतःच्या लेटरहेडवर कोटेशन पाठवतो. काय करावे?

एकदा परत पाठवा आणि नमुन्यात भरून मागा. तरीही दिले नाही तर ते कोटेशन तुलनेत घेऊ नका. हे कडक वाटते, पण त्याच्या पत्रातून आपण आकडे काढून आपल्या तक्त्यात बसवू लागलो की आपणच त्याच्या वतीने अंदाज करू लागतो. पुढे तो म्हणतो, "मी असं कुठं लिहिलंय?" लेटरहेडवरचे पत्र सोबत जोडायला हरकत नाही. मात्र "दोन्हींत फरक आढळल्यास नमुन्यातले ग्राह्य" हे वाक्य मागणीपत्रात असू द्या.

आणि रकाने रिकामे सोडले तर?

रिकाम्या जागेचे दोन अर्थ निघतात: फुकट देतो किंवा देतच नाही. म्हणून सूचना अशी द्या की प्रत्येक ओळीत रक्कम, "समाविष्ट" किंवा "देत नाही" यांपैकी एक लिहिलेच पाहिजे. तरी जागा रिकामी राहिली तर लेखी विचारा. मुदतीत उत्तर आले नाही, तर त्या ओळीत इतरांनी दिलेली सर्वात जास्त रक्कम तुलनेपुरती त्याच्या एकूणात धरायची. हा नियम आधीच पत्रात छापा. नंतर लावला तर तो पक्षपात दिसतो, आधी छापला तर रकाने भरून येतात.

तीन उत्तरे आली. आता तुलना कशी करायची?

आपल्या औशाच्या कंपनीकडे आलेली उत्तरे अशी समजा. सर्व रकमा जीएसटी सोडून आहेत.

| बाब | क | ख | ग |
|---|---|---|---|
| मूळ मशीन | 6,40,000 | 7,90,000 | 7,15,000 |
| एलिव्हेटर | 1,10,000 | समाविष्ट | समाविष्ट |
| चाळणी संच | 24,000 | समाविष्ट | 18,000 |
| पॅनेल, वायरिंग | 28,000 | समाविष्ट | 22,000 |
| भाडे, विमा, उतराई | 32,000 | 14,000 | 26,000 |
| जोडणी, चाचणी | 18,000 | समाविष्ट | 12,000 |
| एकूण | 8,52,000 | 8,04,000 | 7,93,000 |
| पोहोच | 1 सप्टेंबर | 5 सप्टेंबर | ऑर्डरनंतर 75 दिवस |

पहिल्या ओळीपुरते पाहिले तर क हा ख पेक्षा दीड लाखाने स्वस्त. तळाला आलो की तोच ख पेक्षा 48,000 रुपयांनी महाग. क ने कुणाला फसवले नाही. त्याच्या धंद्यात मूळ मशीनचा दर वेगळा सांगण्याची पद्धत आहे, एवढेच. नमुना नसता तर मंडळाने क ला ऑर्डर दिली असती आणि एलिव्हेटरचा विषय ऑगस्टमध्ये निघाला असता.

मग ग ला ऑर्डर द्यायची ना? एकूण सर्वात कमी त्याचेच आहे.

दर पाहण्याआधी अटी पाहायच्या असतात. मागणीपत्रात दोन प्रकारच्या अटी असाव्यात: न पाळल्यास कोटेशन बाद होते अशा, आणि ज्यात थोडेफार चालते अशा. पहिल्या प्रकारात दोन-तीनच ठेवा. आपल्या कंपनीने दोन ठेवल्या होत्या: सोयाबीनवर ताशी 2 टन, आणि मशीन 10 सप्टेंबरपर्यंत गोडाऊनला. ऑर्डर 5 जुलैला निघाली तर ग चे 75 दिवस 18 सप्टेंबरला संपतात. आठ दिवसांचा उशीर आहे, म्हणून ग बाद. उरलेल्यांत ख कमी, म्हणून ख.

"आठच दिवस तर आहेत, 11,000 वाचतील," असे मंडळात कुणीतरी म्हणतेच. पण 10 सप्टेंबर ही तारीख सर्वांना दिलेली होती. ती ग साठी सैल केली, तर त्याच तारखेसाठी ज्याने दर चढा ठेवला त्याच्यावर अन्याय होतो. तारीख खरोखर हलवता येण्यासारखी असेल, तर ती सर्वांसाठी हलवा आणि सर्वांकडून पुन्हा दर मागवा.

दर आल्यावर घासाघीस करता येते का?

अंतिम ठरलेल्या विक्रेत्याशी बोलणी करायला हरकत नाही, पण ती लेखी आणि निदान दोन संचालकांसमोर व्हावी. जे मुळीच करू नये ते म्हणजे एकाचा दर दुसऱ्याला सांगून खाली आणणे. पुढच्या वर्षी कुणीच पहिल्या फेरीत खरा दर देत नाही. सगळे दहा टक्के चढवून पाठवतात आणि आपली तुलना पोकळ होते. शंका विचारायलाही एक तारीख ठेवा. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, त्याचे नाव न सांगता, सर्वांना पाठवा.

जीएसटी धरून तुलना करायची की सोडून?

रकाना वेगळा ठेवा, म्हणजे दोन्ही करता येते. जीएसटी आपल्यासाठी खरा खर्च आहे की नाही हे आपल्याला त्याची वजावट मिळते का यावर ठरते, आणि ते आपण विकतो त्या मालावर कर आहे का यावर अवलंबून असते. कंपनी करपात्र आणि करमुक्त असा दोन्ही माल विकत असेल तर वजावट अर्धवट मिळते. हे आपल्या सीएकडून आधीच विचारून घ्या. कराचा दर आणि एचएसएन क्रमांक मात्र विक्रेत्याकडूनच लिहून घ्या. एकाच मशीनवर दोघांनी वेगळा दर लावला असेल तर लगेच विचारा.

पैसे कसे द्यायचे आणि चाचणी कशी घ्यायची?

आपल्या कंपनीने ऑर्डरसोबत 30 टक्के, माल मोजून उतरवून घेतल्यावर 60 टक्के आणि चाचणी पास झाल्यावर 10 टक्के असे हप्ते ठेवले. हे हप्ते मागणीपत्रातच छापा. एकाने शंभर टक्के आगाऊ धरून दर दिला आणि दुसऱ्याने उधारीवर, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

चाचणीची पद्धतही पत्रातच लिहावी. पन्नास किलोचे 20 कट्टे, म्हणजे एक टन, हॉपरमध्ये सोडायचे आणि घड्याळ लावायचे. अर्ध्या तासात निघाले तर ताशी दोन टन झाले. हॉपरमध्ये जाण्याआधीचा आणि बाहेर पडलेला, असे दोन नमुने घ्यायचे. दोन्हींतली फुटलेली डाळ हाताने निवडून तोलायची आणि टक्केवारीतला फरक पाहायचा. कचऱ्याच्या तोंडातून चांगला दाणा किती जातो, तेही एकदा तोलून बघा. वारा जास्त ठेवला की माल स्वच्छ दिसतो, पण सभासदाचे धान्य भुसकटात जाते.

इथे एक अडचण असते जी बैठकीत कुणाच्या लक्षात येत नाही. मशीन 5 सप्टेंबरला येते, आणि नवे सोयाबीन त्या वेळी शेतात उभे असते. चाचणी कशावर घेणार? "हंगाम सुरू झाल्यावर बघू" असे करू नका. विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. माल आल्यापासून 15 दिवसांत आपण लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा मानतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये दोष दिसला तोवर आपली बाजू कमजोर झालेली असते. म्हणून दीड-दोन टन जुने सोयाबीन राखून ठेवा, नसेल तर लातूरच्या आडतीवरून घ्या, आणि मशीन जोडल्याच्या आठवड्यातच चाचणी उरका. निकाल कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. काही बिघडले असेल तर त्याच दिवशी ईमेल करा.

किती जणांना पत्र पाठवायचे? एकाच माणसाने तीन कोटेशन दिली तर कसे ओळखायचे?

किमान तीन वैध उत्तरे हवी असतील तर पाच-सहा जणांना पाठवा. काही जण उत्तर देत नाहीत आणि एखादे बाद होते.

"साहेब, बाकीची दोन कोटेशन मीच आणून देतो," असे म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला थांबवा. तीन लेटरहेडमागे एकच माणूस असला तर स्पर्धा झालीच नाही. ओळखायला एक सोपी खूण आहे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27 आणि गुजरातचे 24, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. दोन फर्मची ती दहा अक्षरे सारखी असतील तर मालक एकच. पॅन वेगळे असूनही मोबाइल नंबर एक, टायपिंगच्या चुका त्याच किंवा प्रत्येक ओळीतला दर ठरावीक टक्क्यांनीच वाढलेला, असे दिसले तर चौकशी करा.

अनुदानाच्या प्रकल्पातून खरेदी असेल तर हाच नमुना चालेल का?

स्मार्ट किंवा पोकरासारख्या प्रकल्पातून पैसा येत असेल तर आधी प्रकल्पाचे खरेदीचे नियम आणि त्यांचे छापील नमुने घ्या. तेच बंधनकारक असतात. आपला दरांचा तक्ता त्यांना पुरवणी म्हणून जोडता येतो का, ते जिल्हा कार्यालयात विचारा. ऑर्डर देण्याआधी मंजुरी लागते की नाही, हेही तिथेच लेखी घ्या. अनुदान अडकते ते बहुतेक अशा तारखांच्या मागेपुढे होण्यामुळे.

पत्र कधी पाठवायचे?

वापराच्या तारखेपासून मागे मोजत या. मशीन 10 सप्टेंबरला हवे. बनवून पाठवायला दोन महिने धरले तर ऑर्डर 5 जुलैच्या सुमारास. त्याआधी मंडळाची बैठक आणि तुलनेला दहा दिवस, म्हणजे उत्तरांची शेवटची तारीख 25 जून. विक्रेत्याला भरायला पंधरा दिवस द्या, म्हणजे पत्र 10 जूनला निघाले पाहिजे आणि शंका 17 जूनपर्यंत. दर किमान 60 दिवस कायम राहील असे लिहून घ्या. पेरणीच्या धांदलीत संचालकांची बैठक लांबतेच, आणि दराची मुदत संपली की सगळी तुलना पुन्हा करावी लागते. पत्राचा मसुदा मे महिन्यातच, शेतीची कामे थोडी सैल असताना, तयार करून ठेवणे सोयीचे जाते.